ओळख शनिवारी पटली, तरी पुढच्या गुरुवारी पासपोर्ट लागेलच

पत्र

ताई, मी अमळनेरची. धुळ्याला एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. ब्रिटनला जायचंय म्हणून नाशिकला आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा बुक करतेय. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग शनिवारी दुपारी एकला, कॉम्प्युटरवर. स्पीकिंगसाठी तीन वेळा दिसतात: त्याच शनिवारी सकाळी साडेदहा, रविवारी दुपारी तीन, आणि पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा. बोलणं माझं कच्चं आहे, घरात आम्ही अहिराणीच बोलतो. म्हणून गुरुवार घ्यावा, पाच दिवस जास्तीचे मिळतील असं वाटतं. मधल्या सोमवारी एजंटला फाइलसाठी मूळ पासपोर्ट द्यायचाय. ओळख तर शनिवारी पटवून झालेली असेल, मग गुरुवारी आधार कार्डावर भागेल ना? मार्कशीटवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर तसं नाही, त्याचीही भीती वाटते. आणि मैत्रीण म्हणते, दुपारी परीक्षक दमलेले असतात, कमी बँड देतात. फॉर्म अर्धा भरून ठेवलाय. काय करू?

उत्तर

फॉर्म अर्धाच भरलास आणि मध्येच थांबून विचारलंस, हे फार बरं झालं. पैसे भरल्यानंतर यातल्या बऱ्याच गोष्टी बदलायला केंद्राच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या असत्या.

आधी पासपोर्टचं बोलते, कारण तारीख कोणती घ्यायची हे शेवटी त्याच्यावरच ठरणार आहे. शनिवारी एकदा ओळख पटली की पुढे ती धरूनच चालतात, असं तुला वाटतंय. दहावी-बारावीला आपण तसंच केलं: पहिल्या पेपरला हॉल तिकीट नीट तपासलं, नंतर नुसती सही. आयईएलटीएसमध्ये तसं नाही. स्पीकिंग वेगळ्या दिवशी असलं तर त्या दिवशी ओळखीची सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून होते. भारतात या परीक्षेला ओळख म्हणून पासपोर्टच चालतो. तोही मूळ, मुदतीतला, आणि बुकिंग करताना ज्याचा नंबर दिलास तोच. झेरॉक्स, मोबाइलमधला फोटो, आधार, पॅन, रुग्णालयाचं ओळखपत्र, यातलं काहीही त्याच्या जागी चालत नाही. गुरुवारी तू वेळेत दारात उभी असशील आणि पासपोर्ट धुळ्यात एजंटच्या कपाटात असेल, तर तुला आत घेणार नाहीत. आणि चारही भाग झाल्याशिवाय निकालाला अर्थ नाही, कारण एकूण बँड या चारांच्याच सरासरीने निघतो. शनिवारची सगळी मेहनत अर्ध्यावर लटकेल, फीही जाईल.

असं का करतात, ते कळलं की राग येत नाही. एका उमेदवाराने लेखी भाग द्यायचा आणि चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या दुसऱ्या कोणी येऊन बोलून जायचं, ही फसवणूक या परीक्षेत सगळ्यात सोपी ठरली असती, कारण दोन भागांच्या मध्ये कित्येक दिवसही जाऊ शकतात. म्हणून पहिल्या दिवशी केंद्रात तुझा फोटो काढतात, बहुतेक ठिकाणी बोटाचा ठसाही घेतात, आणि दुसऱ्या दिवशी आलेली मुलगी तीच आहे ना, हे पासपोर्ट, चेहरा आणि ठसा यांच्यावरून पुन्हा ताडून बघतात. केंद्रात काढलेला हा फोटोच पुढे तुझ्या निकालपत्रावर छापला जातो. विद्यापीठ असो की नर्सिंगची नोंदणी करणारी संस्था, त्यांना जो चेहरा दिसतो तो हाच.

आता एजंट. सोमवारी त्याला मूळ पासपोर्ट कशासाठी हवाय, हे विचारलंस का? अर्ज भरायला, फाइल उघडायला पहिल्या आणि शेवटच्या पानाची स्पष्ट स्कॅन प्रत पुरते. मूळ पासपोर्ट लागतो तो व्हिसाच्या टप्प्यावर, आणि तिथेही तो व्हिसा केंद्रात न्यायचा असतो, एजंटच्या कपाटात ठेवायचा नसतो. पासपोर्ट अधिनियम १९६७ प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. कोणी खासगी माणूस तो स्वतःजवळ अडकवून ठेवू शकत नाही. अनेक एजंट मूळ पासपोर्ट मागतात, कारण तो हातात असला की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. तुझा एजंट तसाच असेल असं मी म्हणत नाही. त्याला एवढंच सांग, “परीक्षेला मूळ लागतोय, तुम्हाला प्रत देते.” कामाचा माणूस असेल तर ऐकेल. गुरुवार घेतलास तर हे सांगणं भागच आहे, पण शनिवार किंवा रविवार घेतलास तरीही हेच सांग.

माझ्या शिकवणीतल्या एका मुलाचं सांगते. तो एरंडोल तालुक्यातला. पासपोर्टची मुदत संपायला चार-पाच महिने राहिले होते, म्हणून परीक्षा बुक केल्यावर त्याने नवीन पासपोर्टसाठी अर्ज केला. नवा आला, जुन्याचा कोपरा कापून तो रद्द झाला, आणि नव्यावर नंबर वेगळा. बुकिंगमध्ये मात्र जुनाच नंबर राहिला. केंद्रात गेल्यावर हे लक्षात आलं. त्याने दोन्ही पासपोर्ट नेले होते, म्हणून बराच वेळ फोनाफोनी होऊन निभावलं. पण तोवर त्याच्या छातीत जी धडधड सुरू झाली ती स्पीकिंग संपेपर्यंत थांबली नाही. निकालही त्याला हवा तसा लागला नाही. तुझ्यासारख्या इतरांनाही सांगते: पासपोर्ट दोन्ही दिवशी मुदतीत असेल, तर निकाल हातात येईपर्यंत नूतनीकरणाला हात लावू नका. आणि मुदत खरंच कमी असेल, तर आधी नवा पासपोर्ट काढा, मग त्याच्या नंबरावर परीक्षा बुक करा. मधेच नंबर बदललाच, तर परीक्षेच्या दिवसाची वाट न बघता केंद्राला लगेच लेखी कळवा. नुकतंच लग्न झालेल्या मुलींनाही हेच लागू आहे. हातातल्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर परीक्षा त्याच नावाने द्या. नाव बदलायचं ते नंतर.

तुझ्या नावाचा घोळ मात्र वाटतो तेवढा मोठा नाही. आपल्याकडे बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव अशी रीत आहे. पासपोर्टवर दोन वेगळ्या ओळी असतात: एकीत आडनाव, दुसरीत दिलेलं नाव, आणि महाराष्ट्रात या दुसऱ्या ओळीत बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचंही नाव येतं. परीक्षेच्या दिवशी तुझी मार्कशीट कोणी बघत नाही. ताडून बघतात फक्त पासपोर्ट आणि बुकिंग. चूक होते ती अशी: मुलं फॉर्म भरताना सवयीने मार्कशीटच्या क्रमाने लिहितात, आणि “पाटील” पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतं. म्हणून फॉर्म भरताना मार्कशीट कपाटातच राहू दे. पासपोर्ट उघडून समोर ठेव आणि त्यातली प्रत्येक ओळ अक्षर न अक्षर उतरव. वडिलांच्या नावात एखादं ए जास्त असलं, “राव” लागलेलं असलं किंवा गाळलेलं असलं, तर पासपोर्टवर जे आहे तेच बरोबर धर. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे पडले नाहीत ना, हेही बघ. पुष्टीचा ईमेल आला की पुन्हा एकदा ताडून बघ, आणि चूक दिसली तर त्याच दिवशी केंद्राला लिही. परीक्षेआधी ही दुरुस्ती सोपी असते. निकालपत्र छापून झाल्यावर ती फार जिकिरीची होते.

आता तारखेकडे येऊ. आयईएलटीएसमध्ये लिसनिंग, रीडिंग आणि रायटिंग हे तीन भाग एकाच बैठकीत, मध्ये सुट्टी न घेता होतात. स्पीकिंग मात्र त्याच दिवशी किंवा त्याच्या आधी-नंतर सात दिवसांच्या आत ठेवता येतं. कारण साधं आहे. लेखी भागाला एका हॉलमध्ये पन्नास जण बसतात, पण स्पीकिंगला एका उमेदवारासमोर एक परीक्षक लागतो. अकरा ते चौदा मिनिटं एकाची, मग दुसऱ्याची. म्हणून परीक्षक मिळेल तशा वेळा उघडतात, आणि नाशिकसारख्या ठिकाणी मोठ्या शहरांच्या मानाने त्या थोड्या असतात. तुला तीन दिसल्या हे चांगलंच आहे. पण त्या तशाच राहतील असं धरू नकोस. दुसऱ्याने घेतली की ती वेळ गेली.

गुरुवारचे पाच दिवस तुला जास्तीचे वाटतात. पण ते नेमके कसे जातील, बघ. शनिवारी रात्री उशिरा घरी. रविवारी अंग मोडून आलेलं. सोमवार ते बुधवार तीन ड्यूट्या, त्यातली एखादी रात्रपाळी. बुधवारी संध्याकाळी पुन्हा नाशिकचा रस्ता. यात बोलायचा सराव किती होईल? आणि एवढ्यात सुधारणा तरी कितीशी होईल? ओघ, शब्दसाठा, व्याकरण आणि उच्चार, या चार निकषांवर सारखंच वजन देऊन बँड ठरतो. त्यातलं काहीही चार दिवसांत एका पायरीने चढत नाही. खरे जास्तीचे दिवस हवे असतील तर सगळी परीक्षाच तीन आठवडे पुढची घे. अजून पैसे भरलेले नाहीत, म्हणजे हा मार्ग तुला मोकळा आहे. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला स्पीकिंगमध्ये ७ लागतो, आणि सरावात तू आज ५.५ वर असशील तर शनिवार, रविवार, गुरुवार या कशानेच ते अंतर भरून निघणार नाही. कुणाकडून तरी प्रामाणिकपणे एक सराव मुलाखत करून घे आणि मगच ही तारीख पक्की कर.

सहा-साडेसहापर्यंत येत असशील तर मात्र मी तुला शनिवारी सकाळची साडेदहाची वेळ घ्यायला सांगेन. त्यात एकाच प्रवासात सगळं उरकतं, ओळखीची तपासणी एकाच दिवसात संपते, आणि रविवारपासून पासपोर्ट मोकळा. साडेदहाला बोलून अकराच्या आसपास बाहेर आलीस की काहीतरी खाऊन, पाणी पिऊन पुन्हा नोंदणीच्या रांगेत लागायला वेळ उरतो. ताज्या डोक्याने बोलणं होतं. उलट लेखी भाग आधी झाला असता, तर पावणेतीन तास पडद्याकडे बघून झाल्यावर जीभ जड होते, हे मी शिकवणीतल्या मुलांत नेहमी बघते.

पण याला एक अट आहे, आणि ती तुलाच माहीत असणार. गुरुवारी रात्री तुझी रात्रपाळी असेल, तर शुक्रवारी दिवसभर झोप नाही, संध्याकाळी प्रवास आणि शनिवारी सकाळी मुलाखत, असं होईल. ते नको. ड्यूटीचा तक्ता आत्ताच बघ, इन्चार्ज सिस्टरकडे शुक्रवारची सुट्टी माग. ती मिळत नसेल तर रविवारी तीनची वेळ घे. एक रात्र जास्त राहावं लागेल, खर्च वाढेल, पण शनिवारी रात्री झोप होईल आणि प्रवास एकच राहील. गुरुवार तेव्हाच, जेव्हा ही दोन्ही दारं बंद असतील आणि पासपोर्ट तोवर तुझ्याच पिशवीत राहणार असेल.

कोणतीही वेळ घेतलीस तरी शुक्रवारीच नाशिक गाठ. अमळनेर ते धुळे तासाभराचं, तिथून महामार्गाने मालेगावमार्गे नाशिक आणखी तीन-साडेतीन तास, हा हिशोब कागदावर बरोबर आहे. पण चांदवडजवळ राहुड घाटात एखादा कंटेनर आडवा झाला, किंवा आडगाव ते द्वारका गर्दीत अडकलीस, की एक तास सहज जातो. साडेदहाच्या वेळेसाठी पहाटे निघणं म्हणजे फी पणाला लावण्यासारखं आहे. जळगाव, पाचोरा, चाळीसगावकडच्यांनी रेल्वेने यायचं असेल तर हे धरा, की नाशिक रोड स्टेशनापासून शहर आठ-नऊ किलोमीटर आहे. आणि नंदुरबार, नवापूरच्या मुलांनी बुकिंगच्या वेळी सुरतच्या वेळाही बघून घ्याव्यात. ताप्ती मार्गावरून सुरत त्यांना नाशिकपेक्षा सोयीचं पडतं, आणि परीक्षा कुठल्याही शहरातून दिली तरी तीच असते.

पुष्टीच्या ईमेलमध्ये स्पीकिंगची तारीख, वेळ आणि पत्ता वेगळा दिलेला असतो. तो सावकाश वाच, कारण स्पीकिंगची जागा लेखी परीक्षेच्या जागेपेक्षा वेगळी असू शकते. हॉटेल एका पत्त्याजवळ घेतलं आणि मुलाखत दुसरीकडे, असं व्हायला नको. हजर राहायची वेळ मुलाखतीच्या वेळेच्या आधीची असते. तीच खरी वेळ धर.

केंद्रात गेल्यावर काय होतं, ते क्रमाने सांगते, म्हणजे नवखेपणा राहणार नाही. दारात पासपोर्ट आणि यादीतलं नाव ताडतात. मोबाइल, घड्याळ, पाकीट, पिशवी, सगळं बाहेर जमा करावं लागतं. हातातलं घड्याळही आत नेता येत नाही. मग फोटो. आपल्याकडे मुली उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधूनच घराबाहेर पडतात. तो काढावा लागेल, चष्माही काढायला सांगू शकतात. ठसा घेत असतील तर बोट कोरडं आणि स्वच्छ हवं. तुम्ही दिवसातून पन्नास वेळा सॅनिटायझर लावता, बोटांची कातडी सोललेली असते, अशा बोटांचा ठसा यंत्र लवकर पकडत नाही. आठवडाभर आधीपासून रात्री हाताला खोबरेल तेल लावून झोप, पण परीक्षेच्या सकाळी हात धुऊन कोरडे करून जा. लग्नसराईत बोटांच्या टोकांना मेंदी लावायचा मोह आवर. एवढं करूनही ठसा उमटला नाही तर घाबरू नकोस. कर्मचारी दुसरं बोट लावून बघतात. तुझं काम एवढंच, की वाद न घालता त्यांना काय अडचण आहे ते सांगायचं. शनिवारी एकाच दिवशी दोन्ही भाग असले तरी लेखी भागासाठी आत जाताना पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो. म्हणून मधल्या वेळेत जेवायला जाताना तो हॉटेलच्या बॅगेत टाकून येऊ नकोस. पासपोर्टसाठी वेगळी झिप लागणारी पिशवी कर आणि ती अंगावरच ठेव.

खोलीत परीक्षक समोर बसलेले असतील, किंवा ते दुसऱ्या गावी असून पडद्यावर दिसतील. व्हिडिओ कॉलची मुलाखत म्हणजे घरून द्यायची परीक्षा, असा काहींचा समज होतो. ती केंद्रातच येऊन द्यावी लागते, कागदपत्रांची तपासणी तशीच, वेळ तेवढीच, निकषही तेच. फरक एवढा, की दुसऱ्या भागाचा विषय कागदाऐवजी पडद्यावर दिसतो. कुठल्या पद्धतीची वेळ आहे हे बुकिंगमध्ये कळतं. पडद्याची सवय नसेल तर एखाद्या नातेवाइकाला व्हिडिओ कॉल लावून पंधरा मिनिटं इंग्रजीत बोलून बघ.

सुरुवातीला परीक्षक रेकॉर्डिंग सुरू करतात, तुझं पूर्ण नाव विचारतात, कोणत्या नावाने हाक मारू असं विचारतात आणि ओळखपत्र बघतात. हे नाव आणि ओळखीचे प्रश्न आहेत. इथे लांबण लावू नकोस. पासपोर्टप्रमाणे नाव सांग आणि थांब. मग घर, गाव, काम यावर चार-पाच मिनिटं प्रश्न. तू नर्स आहेस, अमळनेरची आहेस, तेव्हा हे तुझ्या घरचंच अंगण आहे. दुसऱ्या भागात एक विषय मिळतो, एका मिनिटात पेन्सिलीने टिपणं काढायची आणि एक-दोन मिनिटं एकटीने बोलायचं. तिसऱ्या भागात त्याच विषयावर चर्चा. घरात अहिराणी बोलतेस याची लाज नको. उच्चारांत गुण आहेत ते समजेल असं बोलण्याला, इंग्रजांसारखं बोलण्याला नाहीत. आणि पुढे येणारे प्रश्न कुणी “सांगतो” म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नकोस. पाठ केलेलं उत्तर सराईत परीक्षकाला दोन वाक्यांत ओळखू येतं, आणि मग ते प्रश्न वळवून विचारतात.

मैत्रिणीचं म्हणणं खरं असतं, तर सगळ्यांनी सकाळच्याच वेळा घेतल्या असत्या. परीक्षक ठरलेले प्रश्न ठरलेल्या वेळेत विचारतात, त्या चार निकषांप्रमाणे बँड देतात, आणि सगळी मुलाखत रेकॉर्ड होते. निकाल पटला नाही तर फेरतपासणी मागता येते, तेव्हा दुसरा परीक्षक तेच रेकॉर्डिंग ऐकतो. परीक्षक कधी दमतात हे तू ठरवू शकत नाहीस. तू स्वतः कधी दमलेली असतेस, हे मात्र तुला नक्की माहीत आहे. वेळ निवडताना तेवढंच बघ.

आणखी एक गोष्ट, तुझ्यासारख्या बऱ्याच जणींच्या कामाची. कॉम्प्युटरवर दिलेल्या परीक्षेत तीन भाग चांगले गेले आणि एकाच भागाने घात केला, तर तेवढा एकच भाग ६० दिवसांच्या आत पुन्हा एकदा देता येतो. पण तो उपाय चारही भाग पूर्ण केलेल्यांसाठी आहे. पासपोर्ट नव्हता म्हणून स्पीकिंगला बसताच आलं नाही, अशा गैरहजेरीवर तो चालत नाही. आणि अशा निकालपत्राला तुझं विद्यापीठ किंवा कौन्सिल मान्यता देतं का, हे आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघ. तसंच, काही परीक्षांत बोलणं कॉम्प्युटरसमोर त्याच बैठकीत होतं, वेगळा दिवस लागतच नाही, असं ऐकून कुणी तुला पीटीईकडे वळवायला बघेल. दुसऱ्या कामांसाठी ती चालत असेल, पण नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएस अकॅडमिक किंवा ओईटी यांपैकीच एक लागते. फॉर्ममध्ये “अकॅडमिक” निवडलंय ना, तेही एकदा बघ.

आज रात्री ड्यूटीचा तक्ता आणि पासपोर्ट घेऊन बस. शुक्रवार मोकळा असेल तर शनिवारी साडेदहा, नसेल तर रविवारी तीन. नाव पासपोर्टवरून उतरव, फॉर्म पाठव, ईमेल ताडून बघ. आणि सोमवारी एजंटकडे जाशील तेव्हा स्कॅन प्रत घेऊन जा.